पूर्वेची भिंत: तळघराच्या बाहेरच्या वॉटरप्रूफिंगच्या नोंदी

८ जानेवारी

आजपासून पूर्वेच्या भिंतीचं काम माझ्याकडे आलं. साइट पुण्यातली, मुठेपासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर. वर दीडेक मीटर काळी माती, त्याखाली मुरूम आणि चार मीटरच्या आसपास कातळ. कातळ म्हटलं की पाणी नाही असं लोकांना वाटतं, पण आपल्या बेसाल्टला भेगा असतात आणि पाणी त्या भेगांतूनच फिरतं. खोदाई झाली तेव्हाही पूर्वेच्या बाजूला दोन ठिकाणी कातळातून पाझर चालू होता. पंप तेव्हापासून अखंड चालू आहे.

भिंत २४ मीटर लांब, जमिनीखाली ३.९ मीटर आणि जमिनीवर ३० सेंटिमीटर. तिच्याखाली ६० सेंटिमीटर जाडीचा राफ्ट, म्हणजे इमारतीखालचा काँक्रीटचा अखंड पाया, आणि राफ्टची कड भिंतीच्या बाहेरच्या तोंडाशी एका ओळंब्यात. भिंत आणि खोदाईची कड यांच्यात जेमतेम सव्वा मीटर जागा आहे. एवढी जागा मिळाली म्हणूनच बाहेरून काम करता येतंय. उत्तरेला शेजाऱ्याची भिंत अगदी लागून असल्यामुळे तिथे निराळी पद्धत वापरावी लागली होती.

पावसाळ्यात पाणी नेमकं किती वर येतं हे मातीच्या अहवालात नव्हतं, कारण बोअर मे महिन्यात घेतले होते. पूर्वेला कुंपणापलीकडे जुनी पायऱ्यांची विहीर आहे. तिथल्या आजींना विचारलं. म्हणाल्या, "श्रावणात पाणी तिसऱ्या पायरीला लागतं, गं. त्याच्या वर मी पाहिलं नाही." दोरी आणि लेव्हल पाइप घेऊन मोजलं. तिसरी पायरी आपल्या जमिनीपासून जवळजवळ १ मीटर खाली आहे.

म्हणजे राफ्टच्या वरच्या पातळीवर, तळघराच्या जमिनीशी, २.९ मीटर पाणी उभं राहणार. आपण ३ मीटर धरू. पाण्याचा दाब दर मीटर खोलीला प्रत्येक चौरस मीटरवर एक टन. तेव्हा तळाशी ३ टन, वर पाण्याच्या पातळीला शून्य, सरासरी दीड टन. लांबीच्या एका मीटरवर दीड गुणिले तीन, म्हणजे साडेचार टन. २४ मीटर भिंतीवर १०८ टन. हा सगळा भार त्रिकोणात आहे आणि त्रिकोणाची रुंद बाजू खाली आहे. वरच्या मीटरभरात एखादी चूक राहिली तर फार तर ओल येईल, पण तळच्या फूटभरात राहिली तर धार लागेल. त्यामुळे माझं निम्मं लक्ष त्या खालच्या फुटावरच राहणार आहे.

पाणी अडवणारा डांबरी पडदा आतून न लावता बाहेरून लावण्याचं कारणही हेच. बाहेर लावलेल्या पडद्याला पाणी भिंतीवर दाबून धरतं. आतून लावलेल्या थराला तेच पाणी मागून ढकलतं आणि चिकटपणा संपला की थर फुगून सुटतो. शिवाय बाहेरच्या पडद्यामुळे काँक्रीट कोरडं राहतं आणि सळईला गंज चढत नाही.

११ जानेवारी

राफ्ट ओतण्याआधी पीसीसीवर, म्हणजे तळाच्या बिनसळईच्या काँक्रीटवर, मेम्ब्रेन, म्हणजे तोच डांबरी पडदा, अंथरला होता. त्याची ३० सेंटिमीटर पट्टी राफ्टच्या कडेबाहेर मोकळी सोडायची असते. भिंतीवरून खाली येणारा पडदा त्या पट्टीला जोडला की तळाचा आणि भिंतीचा असा एकच अखंड डबा तयार होतो. पट्टी वाचावी म्हणून तिच्यावर फळ्या किंवा पातळ काँक्रीटचा थर टाकून ठेवतात.

आज तळातला गाळ काढून पट्टी उघडी केली. २४ मीटरपैकी १४ मीटर ठीक होती. उरलेल्या १० मीटरवर आधीच्या टोळीने फळ्या काढून शटरिंगचे टेकू थेट पट्टीवर ठोकले होते. कुठे सळईच्या टोकाने भोकं पडलीत, कुठे राफ्टची स्लरी सांडून कडक झालीय, आणि तीन मीटर भागात पट्टी राफ्टच्या कडेशीच तुटून गेलीय.

तुटलेली पट्टी हा खरा पेच. राफ्टखालचा मेम्ब्रेन आता हाताला लागत नाही. त्याची जेमतेम सात-आठ सेंटिमीटर कड पीसीसीवर दिसते. मुकादम काकांचं म्हणणं होतं की वरून नवा मेम्ब्रेन आणून पीसीसीवर चिकटवून टाकू, दिसायला सारखंच होईल. मला ते पटलं नाही. पीसीसी पाणी पिते. जुन्या कडेला नवा मेम्ब्रेन पुरेसा चढला नाही तर पाणी पीसीसीतून दोन्हींच्या मधल्या फटीत येणार आणि तिथून राफ्ट आणि भिंतीच्या सांध्याला लागणार.

शेवटी ठरलं ते असं. जिथे नुसती भोकं आहेत तिथे पट्टी घासून स्वच्छ करायची आणि भोकापलीकडे चारही बाजूंना १५ सेंटिमीटर जाईल असं ठिगळ गॅसच्या टॉर्चने तापवून लावायचं. तुटलेल्या तीन मीटरमध्ये राफ्टच्या कडेला तळाशी पीसीसी जपून छिन्नीने आठ सेंटिमीटर आत खोदायची, म्हणजे जुन्या मेम्ब्रेनची १५ सेंटिमीटर कड मोकळी होते. ती उचलून खाली नवी पट्टी सरकवायची आणि दोन्ही बाजूंनी तापवून एकजीव करायची. खोदलेली जागा ग्राउटने, म्हणजे न आकसणाऱ्या सिमेंटच्या मसाल्याने, भरायची. तीन मीटरला दोन माणसांचे दोन पूर्ण दिवस लागणार. या दोन दिवसांबद्दल मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

१६ जानेवारी

पट्टीचं काम काल संपलं. आज भिंतीकडे वळलो.

शटरिंगच्या दोन्ही बाजू आवळून धरणाऱ्या टाय रॉडची भोकं मोजली तर १३२ भरली. प्रत्येक भोक म्हणजे भिंतीच्या आरपार गेलेला प्लॅस्टिकचा पाइप. बाहेरचं तोंड चार-पाच सेंटिमीटर खोल खोदून पाइपचा तो तुकडा काढून टाकायचा आणि मग ग्राउट ठासून भरायचा. पाइप तसाच ठेवून नुसतं तोंड लिंपलं, तर पडदा पुढे कधी फाटलाच की पाण्याला थेट आतपर्यंत बोगदा मिळतो. आज ८० झाली. प्रत्येक भोकाला खडूने गोल करते आणि भरलं की फुली मारते. नाहीतर राखाडी भिंतीवर भरलेलं कोणतं आणि राहिलेलं कोणतं, संध्याकाळी कळत नाही.

स्टार्टरच्या, म्हणजे भिंतीच्या आधी ओतलेल्या तळच्या पट्टीच्या सांध्याला, राफ्टपासून १५ सेंटिमीटर वर, दोन ठिकाणी हनीकोम्ब, म्हणजे मसाला न पोचलेली पोकळ खडी, आहे. वरून हातोडीने वाजवलं की पोकळ आवाज येतो. सुटी खडी निघून पक्कं काँक्रीट लागेपर्यंत फोडलं. एक जागा तळहाताएवढी, दुसरी चांगली हातभर लांब निघाली. पॉलिमर मॉर्टरने दोन थरांत भरली. सांध्यात मध्यभागी वॉटर स्टॉपर आहे, पण हनीकोम्ब त्याच्या बाहेरच्या अंगाला असल्यामुळे स्टॉपर उघडा पडला नाही.

राफ्टची कड आणि पीसीसी जिथे काटकोनात मिळतात तिथे कोपरा बुजवणारा ५ सेंटिमीटरचा उतरता वाटा केला. मेम्ब्रेन काटकोनात बसत नाही. तिथे त्याच्या मागे पोकळी राहते आणि भरावाचं वजन आलं की नेमका तिथेच तो चिरतो. वाट्याचा उतार हाताच्या मुठीने घासून पाहिला, कुठेही कंगोरा राहिलेला नाही.

२३ जानेवारी

भिंत ओतून ४० दिवस झाले आणि वरून कोरडी दिसते, म्हणून प्रायमर मारायची घाई चालली होती. मी भिंतीच्या खालच्या भागात तीन ठिकाणी ४५ सेंटिमीटर चौरस प्लॅस्टिकचे तुकडे चारही कडांनी टेपने चिकटवून परवा रात्रभर ठेवले होते. काल सकाळी उत्तरेकडचे दोन कोरडे निघाले. दक्षिण कोपऱ्यातल्या तुकड्याच्या आतल्या बाजूला थेंब जमले होते आणि काँक्रीट काळपट पडलं होतं. तिथे वरच्या बांधकामाचं क्युरिंगचं पाणी भिंतीवरून ओघळत होतं.

तरीही टॉर्चवाल्या मिस्त्रींना दाखवण्यासाठी त्याच ओल्या जागी एक मीटरचा नमुना लावून पाहिला. वीस मिनिटांत मेम्ब्रेनवर अंड्याएवढे तीन फुगे आले. काँक्रीटमधल्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. एक फुगा चाकूने कापला तर आत बोटाला ओल लागली, आणि मेम्ब्रेनची मागची बाजू काँक्रीटचा एक कणही न घेता स्वच्छ सुटून आली. मिस्त्री बराच वेळ ती कापलेली पट्टी हातात धरून पाहत होते. मग म्हणाले, "मॅडम, दोन दिवस थांबू."

क्युरिंगच्या पाण्याला वरती आडवी पन्हळ बांधून ते पश्चिमेकडे वळवलं. दक्षिण कोपऱ्यावर सकाळचं ऊन येतं, तेवढ्यानेच तो भाग वाळेल.

२७ जानेवारी

प्लॅस्टिक तिन्ही ठिकाणी कोरडं. प्रायमर झाला. संध्याकाळपर्यंत बोट लावलं तर चिकटत नव्हतं, तरी टॉर्च उद्याच पेटवायचा. प्रायमरमधलं द्रावण उडत असतं आणि खड्ड्यात हवा फिरत नाही.

गॅसबद्दल आज सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं. सिलिंडर कोणत्याही कारणाने खाली चरात उतरवायचा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो चार मीटर खोल खड्ड्याच्या तळाशी साचतो आणि वर उभ्या माणसाला वासही येत नाही. सिलिंडर वर जमिनीवर ठेवून लांब नळी खाली सोडायची.

३१ जानेवारी

चार दिवस पहिला थर चालू आहे. माल एपीपी मेम्ब्रेन, ४ मिलिमीटर जाड, आत पॉलिएस्टरचं कापड, एक मीटर रुंद आणि दहा मीटर लांब रोल. एक रोल चाळीस किलोच्या पुढे भरतो. उभ्या भिंतीवर लांब तुकडा लावला तर गरम असतानाच स्वतःच्या वजनाने घसरतो, म्हणून १.८ मीटरचे तुकडे कापले. एका उभ्या पट्ट्याला असे तीन लागतात: वर जमिनीबाहेरच्या भागापासून खाली राफ्टच्या कडेवरून पीसीसीवरच्या पट्टीपर्यंत एकूण ५.१ मीटर, आणि मधल्या दोन जोडांना १५-१५ सेंटिमीटर. आडव्या बाजूला १० सेंटिमीटर जोड धरला की एक पट्टा ९० सेंटिमीटर झाकतो, म्हणजे २७ पट्टे. एका रोलमधून पाच तुकडे निघतात आणि मीटरभर उरतो. दोन थरांना मिळून ३४ रोल. उरलेले मीटर-मीटरचे तुकडे आधी वाट्यावर आणि कोपऱ्यांवर जादा पट्टी म्हणून लावून घेतले.

तुकडे खालून वर लावत जायचे, कौलांसारखे, वरचा तुकडा खालच्यावर चढेल असे.

टॉर्चचं काम डोळ्यांनी शिकायचं आहे. ज्योत मेम्ब्रेनच्या पाठीवर आणि भिंतीवर अशी दोन्हीकडे फिरवायची. पाठीवरचं पातळ प्लॅस्टिक वितळून नाहीसं होतं, खालचं डांबर ओल्या काचेसारखं चमकायला लागतं, आणि त्याच क्षणी दाबायचं. त्याआधी दाबलं तर नुसतं टेकतं. नंतर दाबलं तर डांबर वाहून जातं आणि आतलं कापड उघडं पडून आकसतं. जोड नीट झाल्याची खूण म्हणजे कडेने बाहेर आलेली डांबराची सलग काळी कड, साधारण करंगळीच्या अर्ध्या जाडीची. ती कड जिथे तुटते तिथे जोड थंड राहिला असं समजायचं.

आज संध्याकाळी बोथट थापी घेऊन प्रत्येक जोडाच्या कडेने फिरवत गेले. सतरा ठिकाणी टोक आत शिरलं. त्यातली अकरा ठिकाणं सर्वांत खालच्या तुकड्यांवर होती. कारण उघड आहे. तिथे माणसाला उकिडवं बसून काम करावं लागतं आणि सव्वा मीटरच्या चरात टॉर्चची मान वळत नाही. मिस्त्रींना राग आला नाही. त्यांनीच आखूड दांड्याचा टॉर्च मागवायला सांगितला. सतरा जागा खडूने लिहून ठेवल्यात, उद्या उघडून पुन्हा तापवायच्या.

६ फेब्रुवारी

दुसरा थर पूर्ण. तो अर्ध्या रुंदीने सरकवून लावला, म्हणजे पहिल्या थराच्या जोडावर दुसऱ्याचा जोड येत नाही. या वेळी थापी फक्त तीन ठिकाणी आत गेली, आणि तळाशी एकही नाही. आखूड टॉर्चचा गुण.

चिकटपणाची परीक्षा तीन जागी घेतली. पाच सेंटिमीटर रुंद पट्टी दोन्ही बाजूंनी कापून हाताने ओढायची. तिन्ही ठिकाणी मेम्ब्रेन डांबरातच फाटला आणि काँक्रीटवर काळा थर शिल्लक राहिला. हेच हवं असतं. पूर्ण चिकटलेल्या पडद्याला पुढे कधी भोक पडलंच तर पाणी त्या भोकापाशीच अडतं. सैल पडद्यामागे मात्र ते दहा-दहा मीटर फिरतं, आणि आत ओल दिसते त्याच्याशी बाहेरच्या भोकाचा काही संबंध उरत नाही. कापलेल्या जागांवर ठिगळं लावली.

९ फेब्रुवारी

मेम्ब्रेन उघडा ठेवून चालत नाही. ऊन, वरून पडणारे खिळे, कोणाच्या फावड्याचं टोक, काहीही पुरतं. संरक्षणासाठी २५ मिलिमीटरचे एक्सपीएस बोर्ड आणलेत. थर्माकोलच्या जातीतले, पण दाट आणि टणक.

सकाळी गोडाऊनमधून जो गोंद आला तो द्रावणाचा होता. पहिला बोर्ड लावून पाच मिनिटांनी मुकादम काकांनी हाक मारली. बोर्डाच्या पाठीला गोंदाचे पाच ठिपके दिले होते, तिथे पाच वाट्यांसारखे खड्डे पडून बोर्ड विरघळत चालला होता. पॉलिस्टायरीनला असं द्रावण चालत नाही, आणि डांबरही त्याने मऊ पडतं. गोंद परत पाठवला आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी ब्युटिल टेप घेतली.

खिळा मारायचा नाही, एकही नाही. हे सुतारकाम करणाऱ्या मुलांना पुनःपुन्हा सांगावं लागतं, कारण बोर्ड दिसला की त्यांचा हात खिळ्याकडे जातो. बोर्ड घट्ट बसण्याचीही गरज नाही. भरावाची माती पुढची दोन-तीन वर्षं खाली बसत जाते आणि भिंतीलगतचं जे असेल त्याला ओढत नेते. बोर्ड मेम्ब्रेनवरून किंचित सरकला तर ती ओढ बोर्डावर जाते. भराव थेट मेम्ब्रेनला टेकला असता तर मेम्ब्रेनच खाली ओढला गेला असता, आणि वरचे जोड ताणले गेले असते.

१४ फेब्रुवारी

आज निचऱ्याचा थर. एचडीपीई प्लॅस्टिकचा चादरीसारखा रोल, एका अंगाला आठ मिलिमीटर उंचीच्या गुटल्या, आणि त्या गुटल्यांच्या डोक्यावर चिकटवलेलं जिओटेक्स्टाइल कापड. मातीतलं पाणी कापडातून गाळून आत येतं, गुटल्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून खाली उतरतं आणि तळाच्या पाइपात जातं.

दुपारी जेवून आले तर आठ मीटर लावून झालं होतं, पण उलटं. कापड भिंतीकडे आणि गुळगुळीत चादर मातीकडे. मुलांचा विचार असा की मऊ बाजू बोर्डाला लागावी. असं लावलं तर पाणी आत शिरायला वाटच नाही. थर असून नसल्यासारखा. शिवाय गुटल्यांच्या मागच्या खळग्यांत माती बसून जाते. सगळं काढून पालटून लावलं. मुकादम काकांना समजावताना एका तुकड्यावर तांब्याने पाणी ओतून दाखवलं. कापडाच्या बाजूने ओतलं तर खालून लगेच ठिबकायला लागलं, पालटून ओतलं तर चादरीवरून घरंगळून गेलं.

चादर फक्त वरच्या कडेला, जमिनीच्या वर, पट्टी मारून लटकवली आहे. तळाशी ती खडीत शिरते.

पाइपची पातळी मी स्वतः मशीन लावून दिली. १६० मिलिमीटरचा भोकांचा पाइप, उत्तरेला तळ जमिनीखाली ४.१५ मीटर, दक्षिणेच्या संपाकडे, म्हणजे पाणी साठवून उपसायच्या खड्ड्याकडे, ४.३१ मीटर. २४ मीटरमध्ये १६ सेंटिमीटर, म्हणजे १५० ला १ उतार. उत्तरेकडचं उंच टोकसुद्धा तळघराच्या जमिनीपेक्षा २५ सेंटिमीटर खाली आहे, आणि दक्षिणेकडचं खालचं टोक राफ्टच्या बुडापेक्षा वर आहे. पाइप तळघराच्या जमिनीच्या वर राहिला तर सांध्याशी पाणी कायम उभं राहतं. राफ्टच्या खाली गेला तर पायाखालची बारीक माती धुऊन नेतो. भोवती २० मिलिमीटरची धुतलेली खडी आणि त्या सगळ्याला जिओटेक्स्टाइलची गुंडाळी. दोन्ही टोकांना जमिनीपर्यंत उभे पाइप काढलेत, पुढे कधी गाळ बसला तर वरून पाणी मारून धुता येईल.

आज बैठकीत विचारलं गेलं की एवढा निचरा केलाय तर मेम्ब्रेनचे दोन थर कशाला. निचरा पंपावर चालतो आणि पंप विजेवर. पावसाळ्यात वीज गेली की पाणी आजींच्या तिसऱ्या पायरीपर्यंत चढणार. भिंतीची सळई पूर्ण ३ मीटर पाण्यासाठीच काढलेली आहे आणि पडदाही त्याच हिशेबाने आहे. निचऱ्यामुळे रोजचा दाब कमी राहतो, एवढंच त्याच्याकडून अपेक्षित आहे.

२६ फेब्रुवारी

तळमजल्याचा स्लॅब ३ फेब्रुवारीला ओतला होता. भिंतीचं डिझाइन वरून स्लॅबने धरलेली भिंत असं आहे, त्यामुळे स्लॅबला पूर्ण ताकद येईपर्यंत मागे भराव टाकायचा नाही. मालकांना वाट पाहणं जड गेलं.

३ मार्च

भराव सुरू. खोदाईतली काळी माती वापरायची नाही. ती पाण्याने फुगून भिंतीला रेटते आणि तिची चिकण कापडाची छिद्रं बुजवते. मुरूम आणला, २० सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून भिंतीलगत धुमस आणि बाकी जागेत प्लेट मशीन.

चारच्या सुमारास जेसीबीच्या बकेटमधून मुरमाबरोबर डबराचा एक दगड आला, चांगला फूट-सव्वा फूट. वरून सुटला आणि तळापासून दोनेक मीटरवर भिंतीला आपटून खाली गेला. ड्रायव्हर म्हणाला बोर्ड आहे ना आत. मी काम थांबवलं.

निचऱ्याची चादर कापून बाजूला केली. एक्सपीएसमध्ये मूठभर खड्डा आणि त्यातून ताऱ्यासारख्या भेगा. बोर्ड काढला. मेम्ब्रेनच्या वरच्या थराला तीन सेंटिमीटरची चीर, कापड दिसतंय. खालचा थर हाताने चाचपला तर दबलाय, पण अखंड आहे. भोवतीचे बोर्ड सगळ्या बाजूंनी अर्धा मीटर काढले, कारण एक्सपीएसला ज्योत लागली की ते जळतं; उरलेल्या कडांवर ओलं गोणपाट धरलं आणि चिरीपलीकडे १५ सेंटिमीटर जाणारं, गोल कोपऱ्यांचं ठिगळ लावलं. बोर्ड आणि चादर पुन्हा बसवेपर्यंत अंधार झाला.

तीन तास गेले. भराव झाल्यावर हीच चीर शोधायला चार मीटर खोदावं लागलं असतं, आणि ती कुठे आहे हे कोणालाच सांगता आलं नसतं. उद्यापासून मुरूम आधी वर ओतायचा, दगड हाताने वेचायचे आणि मग फावड्यांनी खाली सोडायचा.

२१ मार्च

भराव वरपर्यंत आला. मेम्ब्रेनची वरची कड जमिनीवर २० सेंटिमीटरवर भिंतीत कापलेल्या खाचेत वळवून अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने दाबली आणि वर सीलंट भरला. भरावावर बाहेरच्या बाजूला उतार दिला.

१७ एप्रिल

तिसरा स्लॅब झाला, बांधकामाचा पंप आज बंद केला. त्याआधी नाही, कारण राफ्टखाली साडेतीन मीटर पाणी म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला साडेतीन टन वरची उचल, आणि नुसत्या राफ्टचं वजन दीड टनच. इमारतीचं वजन पुरेसं झाल्याशिवाय पाणी सोडलं तर राफ्ट उचलला जातो. संपातले कायमचे दोन पंप आता फ्लोटवर आहेत, पाणी चढलं की आपोआप चालू होतात.

९ जुलै

आत पूर्वेच्या भिंतीवर सकाळी ओलसर पट्टा दिसला, जमिनीपासून फूटभर, सलग पाच-सहा मीटर. सगळ्यांचे चेहरे उतरले. पुन्हा प्लॅस्टिकचा चौकोन चिकटवला. दुसऱ्या दिवशी खोलीकडच्या बाजूला थेंब होते आणि प्लॅस्टिकच्या मागे भिंत कोरडीठाक. बाहेरची दमट हवा थंड भिंतीला लागून जमलेलं पाणी आहे ते. पाझर असता तर थेंब मागच्या बाजूला आले असते. एक्झॉस्ट पंखे दिवसभर चालू ठेवायला सांगितलं.

१९ ऑगस्ट

सकाळी आजींकडे जाऊन आले. पाणी तिसऱ्या पायरीच्या वीतभर खाली आहे. याहून चांगला दिवस मिळणार नाही म्हणून खरी परीक्षा आजच सुरू केली.

आधी संपातली आवक मोजली. १.२ मीटर व्यासाचा संप, पंप थांबवून ११ मिनिटांत पाणी ३० सेंटिमीटर चढलं. म्हणजे मिनिटाला साधारण ३० लिटर. बादलीत धरलेलं पाणी नितळ आहे. जून-जुलैच्या सुरुवातीला ते गढूळ येत होतं. आता माती वाहून येणं थांबलंय.

मग दोन्ही पंप २४ तासांसाठी बंद केले. उत्तरेच्या उभ्या पाइपात टेप सोडून दर तासाला पातळी लिहीत गेलो. रात्री दहाला तळघराच्या जमिनीच्या वर दीड मीटर, पहाटे २.४ मीटर, आणि नंतर तिथेच थांबली. आतून बॅटरी लावून भिंत फूट-फूट पाहिली. स्टार्टरचा सांधा हाताने पुसत गेले, हात कोरडा. हनीकोम्बच्या दोन जागा कोरड्या. तीन मीटरच्या त्या तुटलेल्या पट्टीसमोर मी सर्वांत जास्त वेळ बसले होते. तिथेही काही नाही.

फक्त आग्नेय कोपऱ्यात, जिथून विजेची केबल आत येते, त्या पाइपच्या तोंडाशी थेंब गळत होते.

२० ऑगस्ट

पंप पुन्हा चालू केले. दुपारपर्यंत भिंतीमागची पातळी उतरून तळघराच्या जमिनीच्या खाली गेली, पण केबलच्या पाइपातला थेंब थांबला नाही, त्याचा वेगही तोच राहिला. भिंतीमागचं पाणी असतं तर पातळीबरोबर तोही मंदावला असता. रस्त्याकडचा केबलचा चेंबर उघडून पाहिला तर तो तोंडापर्यंत पावसाच्या पाण्याने भरलेला, आणि पाइपचं तोंड पाण्याखाली. मेम्ब्रेनची कॉलर पाइपच्या बाहेरून पक्की आहे. पाणी पाइपच्या पोटातून, केबलच्या बाजूने येतंय. चेंबर उपसला आणि तासाभरात थेंब थांबला. पाइपच्या दोन्ही तोंडांना केबलभोवती रबरी सील बसवायला इलेक्ट्रिशियनला उद्या सकाळी आठला बोलावलंय.